तेवीस व्हिडिओ पाहिले, पण माणसं किती ऐकली?

मागच्या महिन्यात चौकला मावशीकडे गेले होते. जेवणं झाली, भांडी घासून झाली आणि मावसबहीण मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसली. 'ताई, तू सांग ना. पांढरी घेऊ, निळी घेऊ की काळी?' प्रश्न इलेक्ट्रिक स्कूटरचा होता. ती खोपोलीच्या कॉलेजात जाते. चौक फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाऊन-येऊन तीस-बत्तीस किलोमीटर होतात. एसटीची वेळ आणि लेक्चरची वेळ कधी जुळत नाही, शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून काकांनी मन घट्ट करून लाखभर रुपये बाजूला काढले होते. एवढी मोठी रक्कम एका वस्तूवर त्या घरात आजवर फक्त छपराचे पत्रे बदलताना खर्च झाली होती.

तिने तयारी जोरदार केली होती. तीन गाड्यांचे मिळून तेवीस व्हिडिओ पाहिले होते. वहीत तक्ता होता, तीन रंगांच्या पेनांनी काढलेला. बॅटरी, रेंज, टॉप स्पीड, डिक्की, स्क्रीन, किंमत आणि शेवटी 'तक्रारी'. तक्रारींच्या रकान्यात पांढरीला 14, निळीला 8, काळीला 4. 'म्हणजे काळी बेस्ट, हो ना?'

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी असा तक्ता केला असेल. लॅपटॉपसाठी, इअरबड्ससाठी, मिक्सरसाठी. मीही करते. आणि माझं मत असं झालंय की आपण व्हिडिओ पाहण्यात कंजुषी करत नाही, पण मोजायला चुकतो. आपण व्हिडिओ मोजतो, मोजायची असतात माणसं. या दोन आकड्यांत किती फरक पडतो ते त्या रात्री तिच्याच वहीवर आम्ही करून पाहिलं. तेच सांगते, कारण त्यात आमचा आधीचा निकाल पार उलटा झाला.

पहिलं काम केलं ते व्हिडिओंची जात ओळखण्याचं. तेवीसही लिंक एकेक उघडून फक्त दोन गोष्टी पाहिल्या: व्हिडिओ टाकल्याची तारीख आणि बोलणाऱ्याने गाडी किती किलोमीटर चालवली. नऊ व्हिडिओ गाडी बाजारात आल्याच्या आठवड्यातले निघाले. त्यातले पाच तर एकाच दिवशी, जवळपास एकाच तासात आलेले. हा योगायोग नसतो. कंपनी रिव्ह्यू करणाऱ्यांना एकत्र बोलावते, आखून दिलेल्या रस्त्यावर काही तास गाडी देते आणि अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही टाकायचं नाही असं ठरवून घेते. वेळ झाली की सगळे एकदम सुटतात. त्यांच्या हातात माहितीपत्रक एकच असतं, त्यामुळे वाक्यंही तीच येतात. पाच जणांनी 'सेगमेंटमधली सर्वांत मोठी डिक्की' म्हटलं म्हणजे पाच साक्षीदार झाले असं नाही. साक्षीदार एकच, कंपनीचं माहितीपत्रक. आपण मात्र पाच वेळा ऐकलं म्हणून पाचपट विश्वास ठेवतो.

यात रिव्ह्यू करणारा लबाड असतोच असं मी म्हणत नाही. दोन तासांत गाडी कशी वळते, ब्रेक कसा लागतो, सीट किती उंच आहे हे तो चांगलं सांगू शकतो आणि ते ऐकावंच. पण दोन तासांत तक्रार जन्मालाच येत नाही. बेल्टचा आवाज चार-पाच हजार किलोमीटरनंतर यायला लागतो. सर्व्हिसला किती दिवस लागतात हे पहिली सर्व्हिस झाल्याशिवाय कळत नाही. म्हणून लाँचच्या आठवड्यातला व्हिडिओ वैशिष्ट्यांच्या रकान्यासाठी ठेवायचा, तक्रारींच्या रकान्यात त्याला जागाच द्यायची नाही. त्याने तक्रार केली नाही याचा अर्थ तक्रार नाही असा होत नाही.

चार व्हिडिओ शोरूमवाल्यांचे स्वतःचे होते. तीन 'टॉप फाइव्ह' छापाचे, ज्यात बोलणारा माणूस एकदाही गाडीवर बसलेला दिसत नाही. कंपनीच्याच जाहिरातीतली दृश्यं कापून त्यावर आवाज चढवलेला. उरले सात. ते खऱ्या मालकांचे. त्यातही पांढरीचे दोन व्हिडिओ एकाच पुणेकर माणसाचे होते, एक तीन महिन्यांनंतरचा, एक आठ महिन्यांनंतरचा. म्हणजे माणसं सहा. पांढरीची तीन, निळीची दोन, काळीचा एक. तेवीस व्हिडिओ, सतरा-अठरा तास, आणि गाडी खरंच वापरलेली माणसं सहा!

मालक म्हणजे तरी पूर्ण तटस्थ असं समजू नका. सहापैकी दोघांनी व्हिडिओखाली रेफरल कोड दिला होता. तो कोड वापरून कुणी गाडी घेतली की त्यांना काहीतरी मिळणार. असा माणूस तक्रार सांगतो, पण हलक्या आवाजात सांगतो आणि शेवटी 'ओव्हरऑल मस्त गाडी' म्हणून मोकळा होतो. त्याचा शेवट लिहून घ्यायचा नाही, मधली तक्रार लिहून घ्यायची. स्वतःच्या फायद्याच्या विरोधात जाऊन माणूस जे बोलतो त्याला वजन जास्त. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर सुरुवातीला Includes paid promotion अशी पाटी येते, ती बघायची. फुकट मिळालेली वस्तू, प्रवासखर्च, कमिशन असं काहीही असलं तरी ते ठळकपणे सांगायला हवं, असं ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय. सगळे सांगतात का, तर नाही. पण जो सांगतो त्याच्यावर रागावू नका, निदान तो सांगतो तरी.

सहा माणसांवर लाख रुपये लावता येत नाहीत. म्हणून दुसऱ्या रात्री शोधायचे शब्द बदलले. 'रिव्ह्यू' हा शब्द टाकला की ठरलेले मोठे चॅनेलच वर येतात. त्याऐवजी गाडीच्या नावापुढे '10000 km', 'one year', 'rain', 'service cost', 'problem' असं एकेक लावून शोधलं. हेच हिंदीत आणि मराठीतही. मग निघाले ते पाचशे-सातशे व्ह्यूजचे व्हिडिओ. अंगणात मोबाइल आडवा धरून शूट केलेले, मागे कोंबडा आरवतोय, माणूस 'तर मित्रांनो' म्हणून अडखळत सुरुवात करतो. यात सोनं असतं. त्याला कुणी गाडी फुकट दिलेली नाही, त्याचा हप्ता चालू आहे. अशी अकरा माणसं आणखी मिळाली. एकूण सतरा: पांढरीची आठ, निळीची सहा, काळीची तीन.

एवढे सगळे पूर्ण पाहायचे का? नाही पाहिले. हिंदी-इंग्रजी व्हिडिओंना बहुतेक वेळा वर्णनाच्या खाली Show transcript असतं. ते कॉम्प्युटरवर उघडलं की सगळं बोलणं वेळेसकट लिहून येतं. त्यात 'problem', 'service', 'issue' शोधायचं आणि तेवढ्याच मिनिटावर जाऊन ऐकायचं. ऐकणं मात्र टाळू नका, कारण यंत्राने उतरवलेल्या बोलण्यात चुका असतात आणि 'प्रॉब्लेम नहीं आया' मधला 'नहीं' कधी कधी गळतो. मग तक्रार नसलेल्या माणसाच्या नावावर तक्रार चढते. मराठी व्हिडिओंना ही सोय नेहमी मिळत नाही, ते सव्वापट वेगाने ऐकले.

आता तक्रार लिहायची कशी, यावर मी थोडी हट्टी आहे. 'स्क्रीन हँग होते' एवढंच लिहिलं तर त्याचा उपयोग शून्य. प्रत्येक तक्रारीसमोर आम्ही लिहिलं: कोण बोलतंय, किती किलोमीटरनंतर, कोणतं मॉडेल आणि कोणत्या महिन्यातला व्हिडिओ, पुढे काय झालं. पुढे काय झालं हा रकाना सगळ्यांत कामाचा. बिघाड कुठल्याही गाडीत होतो. तो फुकटात दोन दिवसांत सुटला की महिनाभर गाडी पडून राहिली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पांढरीच्या आठ जणांपैकी चौघांनी स्क्रीन हँग होण्याची तक्रार केली होती. बघून वाटलं, अर्धेच्या अर्धे! पण महिने लिहिलेले असल्यामुळे लक्षात आलं की चौघांपैकी तिघांचे व्हिडिओ एका सॉफ्टवेअर अपडेटच्या आधीचे आहेत. अपडेटनंतर बोललेल्यांपैकी एकाचीच तक्रार उरली. म्हणजे ती तक्रार खोटी नव्हती, शिळी झाली होती. याच्या उलट सर्व्हिसला उशीर होण्याची तक्रार आठपैकी पाच जणांची होती आणि ती जुन्या व्हिडिओतही होती, नव्यातही होती. ही शिळी होत नाही. सॉफ्टवेअर घरबसल्या बदलता येतं, सर्व्हिस सेंटरमधले मेकॅनिक अपडेटने वाढत नाहीत.

किमतीचंही तसंच. 'फेम-2' ही केंद्राची अनुदान योजना 31 मार्च 2024 ला संपली, मग दुसऱ्या योजना आल्या, अनुदान कमी होत गेलं. त्यामुळे जुन्या व्हिडिओत ऐकलेली किंमत आमच्या बहिणीने तक्त्यात घेतली होती ती सरळ खोडली. शिवाय व्हिडिओत दाखवतात ते नेहमी सगळ्यांत वरचं मॉडेल. स्क्रीनवर नकाशा दिसतो, गाडी चोरीला गेली तर फोनवर कळतं वगैरे, आणि खालच्या मॉडेलला त्यातलं काहीच नसतं किंवा वेगळे पैसे भरून पॅक घ्यावा लागतो. पांढरीची जी पाच वैशिष्ट्यं तिने हिरव्या पेनाने लिहिली होती, त्यातली तीन काकांच्या बजेटमधल्या मॉडेलला नव्हतीच. ती पोरगी जरा हिरमुसली.

आता त्या 14, 8 आणि 4 या आकड्यांकडे या. पांढरीच्या 14 तक्रारी आठ माणसांच्या, निळीच्या 8 सहा माणसांच्या, काळीच्या 4 तीन माणसांच्या. काळीच्या तक्रारी कमी दिसतात, कारण काळीबद्दल बोलायला माणसंच तीन आहेत. गाडी जितकी जास्त खपते तितके तिचे व्हिडिओ जास्त आणि तक्रारीही जास्त. हा गोंधळ फक्त आपल्या वहीत होत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस पाठवली, तेव्हा वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दहा हजारांवर तक्रारी आल्याचा आकडा सगळीकडे फिरला. त्याच काळात त्या कंपनीच्या रस्त्यावर आलेल्या गाड्या लाखोंच्या घरात होत्या, हे सांगायच्या फंदात फार कुणी पडलं नाही. तक्रारी गंभीर होत्याच, त्याशिवाय नोटीस जात नाही. पण दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या पाचशे तक्रारी असतील तर ती वीसपट चांगली, असा हिशेब करता येणार नाही. तिने विकल्यात किती, हे आधी विचारावं लागेल. मला त्या बातम्यांत कामाचं वाटलं ते एकूण आकड्यापेक्षा तक्रारी कशाच्या होत्या ते. सर्व्हिसला होणारा उशीर, गाडी वेळेवर न मिळणं, दिलेला शब्द न पाळणं. मोटर जळण्यापेक्षा माणसं ताटकळण्याने जास्त पिडलेली.

मग टक्केवारी काढू का, असं बहिणीने विचारलं. आठपैकी पाच म्हणजे साडेबासष्ट टक्के. तिला म्हटलं, वहीत पाच आणि आठच लिही, टक्के लिहू नकोस. कारण व्हिडिओ करणारी माणसं म्हणजे सगळे मालक नव्हेत. ज्याचं सगळं सुरळीत चाललंय तो सकाळी गाडी काढतो, कामावर जातो, व्हिडिओ कशाला करेल? चिडलेला करतो किंवा खूप खूश झालेला करतो. मधले सगळे गप्प. म्हणून या आकड्यावरून 'असा त्रास होतो' एवढं खात्रीने कळतं, 'किती जणांना होतो' ते कळत नाही.

आणि उलट बाजूही बघा, ही जरा गणिताची गंमत आहे. समजा एखाद्या गाडीच्या आठ मालकांपैकी एकानेही पावसाची तक्रार केली नाही. आपण लिहितो, 'पावसात बिनधास्त'. पण शंभरातल्या वीस गाड्यांना तो त्रास खरोखर असला, तरी कुठलेही आठ मालक उचलले तर आठच्या आठ बिनतक्रार निघण्याची शक्यता 0.8 चा आठवा घात, म्हणजे साधारण 17 टक्के असते. सहातून एकदा! आठ जणांचं मौन हे प्रमाणपत्र नव्हे. काळीच्या बाबतीत तर आपल्याकडे तीनच माणसं आहेत. काळीसमोर मी 'चांगली' किंवा 'वाईट' काही न लिहिता 'माहिती नाही' लिहिलं. तिला ते आवडलं नाही. तक्त्यात 'माहिती नाही' लिहिणं कुणालाच आवडत नाही, पण तक्त्यातला तो सगळ्यांत प्रामाणिक रकाना असतो.

याच कारणासाठी मला ते दहापैकी गुण देणं पटत नाही. रेंजला आठ, लुकला नऊ, सर्व्हिसला पाच, बेरीज करा, सरासरी काढा, विजेता जाहीर! बेरजेत नऊ गुणांचा रंग पाच गुणांची सर्व्हिस झाकून टाकतो. रस्त्यात बंद पडलेली गाडी रंगाने पुढे सरकत नाही. गुणांऐवजी प्रत्येक तक्रार आपल्या रस्त्यावर, आपल्या घरात आणून उभी करायची. चौकच्या रस्त्यावर काय होतं ते बघा.

सगळ्यांत मोठा रकाना रेंजचा. प्रत्येक व्हिडिओने सगळ्यांत जास्त वेळ त्यावरच घालवला होता. कंपनी सांगते तो प्रमाणित आकडा ठरावीक चाचणीतला असतो, रस्त्यावर तेवढं मिळत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मालकांच्या व्हिडिओतून दोन आकडे उचलायचे: किती टक्के चार्जिंग खर्च झालं आणि तेवढ्यात किती किलोमीटर झाले. निळीच्या एका मालकाने निघताना 96 टक्के आणि पोचल्यावर 31 टक्के दाखवले होते, अंतर 49 किलोमीटर. म्हणजे 65 टक्क्यांत 49. पूर्ण बॅटरीत साधारण 75. पांढरीचा एक जण 100 वरून 20 वर आला तो 70 किलोमीटरमध्ये, म्हणजे पूर्ण बॅटरीत 87 च्या आसपास. पांढरी जिंकली? थांबा. बहिणीला रोज लागतात बत्तीस, क्लासला वाकडी वाट केली तर सदतीस. चार्जिंग अगदी तळाला गेलं की बऱ्याच गाड्या वेग कमी करतात, म्हणून शेवटचे वीस टक्के धरायचे नाहीत. निळीचे 75 चे उरले 60. बॅटरी काही वर्षांनी जुनी होऊन सत्तर टक्क्यांवर आली तर उरले 42. तरीही सदतीसला पुरतात. म्हणजे ज्या रकान्यासाठी जगभराची भांडणं चाललीत, तो या मुलीच्या तक्त्यातून सरळ बाद! दोन्ही पुरेशा आहेत. जास्तीच्या बारा किलोमीटरसाठी वरचे पैसे तिने का मोजावेत?

आणि ज्या तक्रारीकडे तिने दुर्लक्ष केलं होतं ती अंगावर आली. निळीच्या सहापैकी चौघे म्हणत होते, चार्जिंग हळू होतं, रात्रभर लावावी लागते. तिने लिहिलं होतं 'चालेल, रात्रीच लावणार'. पण पावसाळ्यात चौकला रात्री लाइट गेली की सकाळपर्यंत पत्ता नसतो, हे मावशी बाजूने बोलली. हिशेब केला. 60 मधून एका दिवसाचे 37 गेले, उरले 23. एक रात्र चार्जिंग चुकलं तर दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाता येईल, परत येता येणार नाही. मग पुन्हा व्हिडिओ पाहिले ते एकाच प्रश्नासाठी: चार्जर भिंतीला ठोकलेला आहे की सोबत नेता येतो, आणि त्याला साधा पाच अँपियरचा प्लग चालतो का? एका मालकाने डिक्कीतून चार्जर काढून साध्या बोर्डाला लावून दाखवला होता. खोपोलीत तिची मैत्रीण तळमजल्यावर राहते. अडीअडचणीला दुपारी दोन तास लावता येईल. ही तक्रार अशी सुटली.

पावसाची सुटली नाही. पांढरीच्या आठपैकी दोन जणांची गाडी पावसात बंद पडली होती. एकाने पाय ठेवायच्या फळीपर्यंत पाणी असलेल्या रस्त्यात घातली होती, तो त्याचा पराक्रम, सोडून दिलं. दुसऱ्याची मात्र साध्या पावसात, साधारण चार हजार किलोमीटरवर बंद पडली. एक कनेक्टर वॉरंटीत फुकट बदलून मिळाला, पण गाडी सहा दिवसांनी हातात आली. दोनच माणसं, पण इरशाळगडाच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला या दोघांचं ऐकावंच लागतं. इथला जून-जुलैचा पाऊस बेंगळुरूत शूट केलेल्या व्हिडिओत दिसत नाही. निळीच्या सहा जणांत पावसाची तक्रार नव्हती, पण ते कुठल्या शहरातले आहेत ते बघितलं तर तिघे विदर्भ-मराठवाड्यातले निघाले. कोकणातला एकच. म्हणजे या बाबतीत निळीसाठी आपल्याकडे एक साक्षीदार. वहीत तसंच लिहिलं, '6 पैकी 1 कोकणात'.

कॉमेंट्स वाचायच्या का? वाचायच्या, पण वेगळ्या रकान्यात. 'सेम प्रॉब्लेम ब्रो' हे माणूस मोजण्याइतकं पुरेसं नाही, त्याच्याकडे गाडी आहे की नाही हेही ठाऊक नसतं. पण Newest first लावून वाचलं की जुन्या व्हिडिओवर आजची तक्रार सापडते. आणि बोलणाऱ्याने कुठल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही ते बघा. एका व्हिडिओखाली सात जणांनी सर्व्हिसबद्दल विचारलं होतं आणि इतर सगळ्यांना 'थँक यू' म्हणणारा तो मालक त्या सातांना गप्प होता.

तिसऱ्या दिवशी तक्ता पाहिला तर खूपच लहान झाला होता. वैशिष्ट्यांच्या वीस ओळींपैकी तिच्या कामाच्या पाच उरल्या. तक्रारींच्या तीन. आणि एक नवा रकाना आला होता, 'विचारायचं'. माझ्या मते व्हिडिओंमधून केलेल्या तुलनेतून जे हाती लागतं ते खरं तर एवढंच. निकाल हाती लागत नाही, नेमके प्रश्न लागतात. वहीतला पहिला प्रश्न: जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आणि बंद पडलेली गाडी न्यायला टेम्पो कुणाच्या पैशाने? दुसरा: कनेक्टरचा सुटा भाग तिथे ठेवलेला असतो की मागवावा लागतो?

असल्या प्रश्नांचं उत्तर शोरूममधला माणूस काय देणार ते ठरलेलं असतं. म्हणून काका आणि ती शनिवारी सकाळी पनवेलकडच्या एका सर्व्हिस सेंटरबाहेर जाऊन उभे राहिले. काकांना आधी लाज वाटत होती, 'लोकांना काय वाटेल'. पण गाडी सोडायला आलेला माणूस बोलायला आतुरच असतो. तासाभरात सहा जण भेटले. ती घरी येऊन म्हणाली, 'ताई, व्हिडिओत अठरा तास गेले, इथे एका तासात सहा माणसं.' कुंपणाच्या आत धूळ बसलेल्या गाड्यांची रांग होती, तीही तिने मोजून आणली, अकरा. मी म्हटलं, त्यातल्या किती नुसत्या न्यायला कुणी आलं नाही म्हणून पडल्यात ते माहीत नाही. तिने वहीत अकराच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं. पोरगी शिकली!

काळीचा पत्ता कट झाला, गाडी वाईट म्हणून नव्हे, तर तिच्याबद्दल कळण्याचा रस्ता नाही म्हणून. पांढरी काकांनी मनातून काढली. निळीचा विक्रेता खोपोलीतच आहे, कॉलेजपासून पायी जाण्याच्या अंतरावर, हे तर एकाही व्हिडिओत नव्हतं. काका त्याला म्हणाले, टेस्ट राइड आत्ता नको, पाऊस नीट लागू दे, मग भर पावसात द्या. तो हसला आणि म्हणाला, असं विचारणारे तुम्ही पहिलेच. देतो असं म्हणाला खरा. मावशीने त्याचा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय आणि रोज संध्याकाळी इरशाळगडावरचे ढग बघते.